पाणी उतरल्यावर

पावसाचा तिसरा दिवस होता आणि लोकांनी पावसाबद्दल बोलणंही सोडून दिलं होतं. सुईताई मात्र रोजच्यासारखी सकाळी बाहेर पडली. ती एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती आणि घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणं हे तिचं काम. तिचं खरं नाव फेरीवरच्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. "सुई आली" असं कुणीतरी कधीतरी आत ओरडून सांगितलं, त्याला पुढे आदराने 'ताई' चिकटलं, आणि ते तसंच राहिलं. उपाशीपोटी द्यायचे नमुने पावसासाठी थांबत नाहीत. लोक रात्रीपासून पोट रिकामं ठेवून दाराकडे डोळे लावून बसलेले असतात, आणि उशीर झाला की त्यांचा सगळा राग सुईवर निघतो.

तिची स्कूटर जुनी होती. कार्बोरेटरवाली, बटण आणि किक दोन्ही असलेली, हाताने गिअर बदलावे न लागणारी. नमुन्यांचा थंड डबा एरवी पायाशी असायचा. आज तिने तो रेनकोटच्या आत गळ्यात अडकवला होता, त्यामुळे ती दिवस भरत आलेल्या बाईसारखी दिसत होती. शेवटच्या घरी आजीबाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि "या दिवसांत कशाला गं फिरतेस," म्हणून काळजी केली. डबा उघडून दाखवल्यावरच त्यांनी हात पुढे केला.

परतीच्या वाटेवर बाजाराच्या मागचा उतार लागतो. तिथे पाणी साचलेलं होतं. ते किती आहे हे तिने आधी थांबून पाहिलं. समोरून एक सायकलवाला येत होता, त्याचं पॅडल खाली गेलं की बुडत होतं, वर आलं की दिसत होतं. म्हणजे निघता येण्यासारखं होतं. ती रस्त्याच्या मधोमध राहिली, कारण रस्ता मध्ये जरा उंच असतो आणि गटारांची झाकणं कडेला असतात. जिथे पाणी गोल फिरत होतं तिथून ती लांब राहिली. गाडी सावकाश, पण ॲक्सिलरेटर एकसारखा धरलेला. वेग कमी करायचा तर ब्रेक हलकेच लावायचा, पण ॲक्सिलरेटर पूर्ण सोडायचा नाही. सायलेन्सरमधून हवा बाहेर पडत राहिली पाहिजे, नाहीतर पाणी आत शिरतं. हे तिला पूर्वीच्या पावसाळ्यांनी शिकवलेलं होतं.

निम्म्याहून जास्त उतार पार झाला होता. तेवढ्यात समोरून एक बस आली. ड्रायव्हरला घाई होती की त्याला खालचं काही दिसतच नव्हतं, देव जाणे. बसने पाणी दोन्ही बाजूंना नांगरल्यासारखं उचललं. ती लाट सुईताईच्या गुडघ्यावरून, सीटच्या खालच्या कडेवरून गेली. आधी इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी मात्र जागची हलेना. मग इंजिन एकदा खोकल्यासारखं झालं, आणि बंद पडलं.

तिने गाडी ढकलायला सुरुवात केली. बाजूला स्टेशनरीच्या दुकानाला उंच पायऱ्या होत्या आणि शेजारी माल चढवायचा उतरता ओटा. दुकानदाराने खाली येऊन मागून हात लावला आणि दोघांनी मिळून गाडी ओट्यावर चढवली. ओट्यावर आणखी तीन-चार माणसं पावसातून बचावून उभी होती. गाडी बंद पडलेला माणूस दिसला की प्रत्येकाच्या आतला मेकॅनिक जागा होतो. एकाने चोक ओढायला सांगितलं. एका रिक्षावाल्याने अगदी आपुलकीने सांगितलं की बटण दाबून धरा ताई, आत गेलेलं पाणी इंजिनच बाहेर फेकून देईल.

ती थकलेली होती, घड्याळ पळत होतं, डबा गळ्यात होता. तिने बटण दाबलं.

'टक्' असा एकच आवाज झाला आणि सगळं गप्प. बॅटरी गेल्यावर जो केविलवाणा 'टिकटिक' आवाज येतो, तो हा नव्हता. काहीतरी हललं आणि लगेच अडलं. रिक्षावाला म्हणाला, परत एकदा, जरा जास्त वेळ. तिचा अंगठा बटणावरच होता. पण ते अडणं तिच्या हाताच्या ओळखीचं होतं. सिरिंज पाण्याने भरलेली असली आणि पुढची सुई तुंबलेली असली, की दट्ट्या असाच अडतो. कितीही जोर लावा, पाणी दबत नाही. जोर लावणाऱ्याचीच सिरिंज फुटते.

तिने अंगठा काढला, किल्ली फिरवून बाहेर काढली आणि खिशात टाकली. रिक्षावाल्याला जरा वाईट वाटलं. दुकानदाराला तिने गाडी दुपारपर्यंत तिथेच राहू द्या अशी विनंती केली आणि डबा घेऊन पाण्यातून चालत लॅब गाठली. नमुने ठणठणीत होते. तिने आधी पाय साबणाने खसखसून धुतले, कुठे कापलंय का ते पाहिलं, आणि मग नेहमीच्या मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिकच्या आवाजात सकाळीच संध्याकाळचा थकवा होता. त्याच्या स्वतःच्या गॅरेजमध्ये घोट्याइतकं पाणी होतं आणि दाराबाहेर बुडालेल्या गाड्यांची रांग. तो म्हणाला की आठवड्याच्या आत हात लागणार नाही, आणून लावायची तर लावा, पण तोवर चालू करून बघू नका.

आठवडा गाडीशिवाय काढणं शक्य नव्हतं. उद्या सकाळी पुन्हा फेरी होती, आणि त्या भागात बस वेळेवर येणं म्हणजे थट्टाच. दुपारी पाणी ओसरल्यावर तिने आणि प्रेसमधून लवकर सुटलेल्या नवऱ्याने मिळून स्कूटर ढकलत घरी आणली. वाटेत नवऱ्याने दोनदा सुचवलं, एकदा किक मारून बघू का. दोन्ही वेळा तिने किल्ली दिली नाही. त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर एकमेकांना अक्षरशः पाण्यात पाहत होतं, त्यात या नवरा-बायकोची भर पडली.

त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर जिन्याजवळ मोकळी जागा होती, रस्त्यापासून दोन पायऱ्या उंच. स्कूटर तिथे आणून मधल्या स्टँडवर लावली. आवाज ऐकून समोरच त्यांच्या घराचं दार उघडलं आणि सासरे चौकटीत येऊन उभे राहिले.

सासऱ्यांना सगळी इमारत फोरमन म्हणायची. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी हयात घालवली होती आणि फोरमन म्हणूनच ते निवृत्त झाले होते. पुढे काचबिंदूने डोळे नेले. उजेड आणि सावली एवढंच आता कळायचं. डोळे गेल्यापासून त्यांनी हत्याराला हात लावला नव्हता. हत्यारांची पेटी पलंगाखाली होती. ती कुणाला देऊ द्यायचे नाहीत आणि स्वतः उघडायचेही नाहीत. सासूबाई झाडताना रोज तिला केरसुणी आपटायच्या आणि रोज काहीतरी पुटपुटायच्या.

"चालता चालता बंद पडली, की उभी असताना?" त्यांनी विचारलं.

सुईताईने सांगितलं. बस, लाट, मग आवाज वाढला पण गाडी पुढे जाईना, मग बंद.

"आवाज वाढला तेव्हा बेल्ट घसरला. तिथेही पाणी गेलंय. वेग किती होता?"

"पायी चालण्याएवढा."

"बंद पडताना ठोका ऐकू आला? लोखंडावर लोखंड?"

"नाही. खोकल्यासारखं झालं."

"त्यानंतर बटण दाबलंस?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "एकदा. टक् झालं आणि अडलं. मग किल्ली काढली."

हा सगळा प्रकार तिच्या रोजच्या कामासारखा चालला होता. कधीपासून उपाशी आहात, गोळी घेतली का, मागच्या वेळी चक्कर आली होती का. आणि आपल्या उत्तराने समोरच्याचा चेहरा बदलताना पाहायचा. फक्त आज ती खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला होती.

"एकदाच ना," शेवटी ते म्हणाले. "मग आशा आहे. पेटी काढ."

नवऱ्याला वाटलं आपल्याला सांगितलं. तो वळला, तेवढ्यात फोरमननी हात पुढे करून सुनेचा खांदा शोधला आणि तिलाच पुन्हा सांगितलं. नवरा प्रेसमध्ये मोठमोठी यंत्रं चालवायचा, पण घरातला बल्ब बदलताना त्याच्या हातून होल्डर तुटायचा. हे त्यालाही माहीत होतं, त्यामुळे तो मुकाट्याने जुनी वर्तमानपत्रं आणायला गेला. त्याला दुसरी कामगिरी मिळाली ती दुकानाची. उंचावरच्या, पाणी न शिरलेल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून एअर फिल्टर, प्लग, इंजिन ऑइलचे तीन डबे आणि मागच्या चाकाजवळच्या गिअरचं तेल. तीन डबे कशाला, हे त्याला कळलं नाही. फोरमन म्हणाले, नंतर कळेल.

सासूबाईंनी फरशीवर अगदी भिंतीपर्यंत वर्तमानपत्र पसरलं आणि तेलाचा एक जरी डाग पडला तर तुम्ही तिघं पुसणार, मी नाही, असं जाहीर केलं. मग एक स्टूल आणून फोरमनना बसवलं आणि स्वतः दारातच बसून राहिल्या.

पहिल्यांदा बॅटरी. सीट उघडून सुईताईने आधी निगेटिव्हची तार सोडली, मग पॉझिटिव्हची. मग डावीकडची एअर फिल्टरची पेटी. पेटीच्या तळाशी एक लहानशी नळी असते, तिचं टोपण काढल्याबरोबर गढूळ पाण्याची धार लागली. पेटी उघडली तर आतला कागदी फिल्टर ओल्या वहीसारखा लोळागोळा झालेला.

"वाळवून चालेल का?" सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या घरात काही फेकून द्यायची रीत नव्हती.

"कागद आहे तो. वाळला तरी हवा धड जात नाही त्यातून," फोरमन म्हणाले. "आणि पेटीत पाणी म्हणजे पुढे इंजिनातही. आता तेलाची काडी काढ. पुसून परत घाल, परत काढ. काय रंग आहे?"

तिने काडी उजेडाकडे धरली. रक्ताच्या नळ्या उजेडाकडे धरून पाहण्यात तिचा जन्म गेला होता. "काळपट तपकिरी. पारदर्शक आहे. दुधाळ अजिबात नाही."

तेवढ्यात दुकानातून परतलेल्या नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. तो म्हणाला की तेल चांगलं असेल तर इंजिन चांगलंच आहे. आता प्लग आणि फिल्टर बदलून टाकू आणि बघू चालू करून. या कामात आतापर्यंत तो दोघांच्या मध्ये पाहुण्यासारखा होता. आता त्याच्या हातात काहीतरी पक्कं आलं होतं. सुईताईलाही मनातून तसंच वाटत होतं. सकाळपासून तिचे पाय दुखत होते.

फोरमननी मात्र मान हलवली. "गाडी किती तास उभी आहे?"

"सकाळपासून."

"तेल आणि पाणी एका भांड्यात सकाळपासून ठेवलंस तर वर काय येईल?"

"तेल."

"काडी वरूनच तेल घेते. दुधाळ व्हायला दोन्ही घुसळली गेली पाहिजेत. ही तर लगेच बंद पडली, घुसळायला वेळच मिळाला नाही. पाणी असलंच तर तळाशी बसलंय. चालू केलीस की मग ताक होईल त्याचं."

त्यांनी खालचा बोल्ट सोडायला सांगितला, पण सगळं तेल एकदम डब्यात सोडायचं नाही. पहिलं जे येईल ते वेगळं धरायचं. पेटीतला नेमका पाना त्यांनी बोटांनी चाचपून काढून दिला. सुईताई घरात जाऊन काचेच्या रिकाम्या नळ्या घेऊन आली. लॅबने मुदत संपली म्हणून टाकून दिलेल्या, घरात सासूबाई त्यांत जिरं-मोहरी ठेवायच्या. तिने आडवं होऊन बोल्ट सैल केला, शेवटचे आटे हाताने फिरवले आणि पहिली धार नळीत धरली.

तिने नळी सरळ उभी धरली आणि थांबली. नळीच्या तळाशी करड्या रंगाचा एक थर जमला, आणि त्यावर काळं तेल. मध्ये स्वच्छ रेषा.

"काय दिसतंय?" फोरमननी विचारलं.

"पाणी आहे," ती म्हणाली. "बोटाच्या एका पेराएवढं."

नवऱ्याने ती नळी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग त्याने कुणी न सांगता तेलाचा रिकामा डबा खाली सरकवला आणि तेल पूर्ण निथळेपर्यंत तो तसाच धरून बसला.

पुढचं काम सर्वांत भीतीचं होतं. सकाळी एकदा बटण दाबलं गेलं होतं. सिलिंडरमध्ये भरलेल्या पाण्यावर पिस्टन आपटला असेल, तर त्याला ढकलणारा दांडा वाकलेला असू शकतो. दांडा वाकला म्हणजे इंजिन पूर्ण उघडावं लागणार, आणि मग मेकॅनिकच्या रांगेला पर्याय नाही. सुईताईने प्लग काढला. भोकावर तिने एक जुनं फडकं अलगद धरलं. किक मारायला नवरा पुढे झाला, पण फोरमन स्टूलवरून उठले आणि स्कूटरच्या डाव्या बाजूला गुडघ्यांवर बसले.

"पायाने नाही. पायाला कळत नाही."

त्यांनी किकच्या दांड्यावर दोन्ही तळहात ठेवले आणि ती अगदी सावकाश खाली दाबली. फडक्यातून पाण्याची चिळकांडी उडाली आणि थेट सासूबाईंच्या पायाशी गेली. त्यांनी पाय मागे घेतले. फोरमननी किक वर येऊ दिली, पुन्हा दाबली. पुन्हा थोडं पाणी. मग नुसता ओला फवारा. मग फक्त हवा. ते दाबतच राहिले, डोळे मिटून, म्हणजे त्यांना डोळे मिटायची गरज नव्हती तरी मिटून. बाहेर पाऊस पुन्हा सुरू झाला होता.

"एकसारखी जातेय," ते म्हणाले. "कुठे अडत नाही, खडखड नाही. पण अजून खात्री नाही. प्लग लावून जोर बघायला हवा, आणि चालू झाल्यावर आवाज."

त्यांनी प्लगच्या भोकातून थोडं नवं तेल सोडायला लावलं आणि पुन्हा काही वेळा किक दाबली, म्हणजे आतली भिंत कोरडी राहून गंजणार नाही. मग सुईताईने प्लग तात्पुरता हाताने बसवून पान्याने आवळला. फोरमननी किक दाबली आणि यावेळी ती मध्येच जड झाली, मग भरलेल्या उशीसारखी हळूहळू दबली. त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी हललं. पण ते फक्त एवढंच म्हणाले, "दाब आहे."

त्यानंतर डावीकडचं लांबट झाकण, ज्याच्या आत बेल्ट फिरतो. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे निघतात, म्हणून सुईताईने वर्तमानपत्रावर झाकणाचा आकार काढला आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच टोचून ठेवला. झाकण सुटताच आत साठलेलं पाणी तिच्या मांडीवर आलं. बेल्टला हात लावण्याआधी फोरमननी तिला हात साबणाने धुवायला पाठवलं. तेलाचं बोट बेल्टला लागलं तर तो कोरडा करूनही घसरणार. तिने बेल्ट आणि पुढच्या-मागच्या दोन्ही चकत्या कोऱ्या सुती कपड्याने पुसल्या, मग नवऱ्याने केस वाळवायचं यंत्र मंद ठेवून लांबून वारा दिला. बेल्टला भेगा आहेत का, ते ती दिव्याखाली इंचाइंचाने फिरवून पाहत होती. फोरमन मधूनमधून बोट लावून सांगायचे, इथे अजून दमट आहे. आणि खरंच असायचं.

एकदा त्यांचंही चुकलं. कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू त्यांनी उजवीकडे सांगितला आणि तिला तो सापडेना. दोघं बराच वेळ एकमेकांना 'तिथेच आहे', 'तिथे नाही' करत राहिले. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुमचा हात द्या," आणि त्यांचं बोट धरून डाव्या बाजूच्या स्क्रूवर टेकवलं. त्यांनी तो चाचपला. मग म्हणाले की डेपोतल्या गाड्यांना डिझेलमधलं पाणी काढायचा स्क्रू उजवीकडे होता. सासूबाई दारातून म्हणाल्या की डेपोतल्या गाड्यांना सहा चाकंही होती. फोरमन हसले. त्या जिन्यात त्यांचं हसणं ऐकून वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कठड्यावरून वाकून पाहिलं.

त्या स्क्रूतून नळीत जे आलं त्यातही तळाला पाणी होतं आणि वर पेट्रोल. ते पेट्रोल स्वच्छ येईपर्यंत सोडलं, आणि तेवढा वेळ सासूबाईंनी घरातला गॅस पेटवू दिला नाही, चहाची वेळ टळून गेली तरी. मागच्या चाकाजवळच्या गिअरचं तेल मात्र खरंच दुधाळ निघालं, खूप दूध घातलेल्या चहासारखं. ते बदललं. मग नवऱ्याने पुढचं चाक धरून गाडी उचलली आणि सायलेन्सरमधून उरलंसुरलं पाणी मागे गळून गेलं. तारांचे जोड एकेक काढून, पुसून, वाळवून परत बसवले. पुढचा ब्रेक उघडून आतली माती झटकली. मागच्या चाकाचा नट मात्र कुणालाच हलेना. आधी सुईताई, मग नवरा, मग फोरमननी स्वतः पान्यावर भार टाकला. नट जागचा ढळला नाही. ते म्हणाले, राहू दे, चालवताना ब्रेक हलकेच दाबत जा, उष्णतेने वाळेल.

अंधार पडायच्या सुमाराला सगळं परत बसलं. नवा फिल्टर, नवा प्लग, नवं तेल, शेवटी बॅटरी, आधी पॉझिटिव्ह आणि मग निगेटिव्ह. पेट्रोलचा वास पूर्ण गेल्याची खात्री सासूबाईंनी स्वतः करून घेतली. किल्ली सुईताईच्या खिशात सकाळपासून होती. ती तिने लावली, आणि बटण न दाबता किककडे पाहिलं. नवऱ्याने तिला विचारलं, मी मारू का? ती म्हणाली, मार.

तिसऱ्या किकला इंजिन पेटलं. सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघाली आणि जिन्यात पसरली. नवरा ॲक्सिलरेटर पिळणार, एवढ्यात फोरमननी हात वर केला. इंजिन आपल्या चालीने चालू राहिलं. ते कान इंजिनाजवळ नेऊन वाकले होते, एक हात सीटवर. सुईताई त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. अहवालाचा कागद हातात देताना लोक तिच्या चेहऱ्याकडे असेच पाहतात, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ती इतकी वर्षं त्या वेळी घड्याळाकडे किंवा पिशवीकडे का पाहत असायची, हेही.

"ठोका नाही," ते म्हणाले. "दांडा सरळ आहे. बंद कर."

"बंद?" नवरा म्हणाला.

"तेल काढ."

आता कुठे घातलेलं तेल पुन्हा काढायचं म्हटल्यावर त्याने दुसऱ्या डब्याकडे पाहिलं आणि त्याला ते कळलं. निघालेलं तेल तिने नळीत धरून पाहिलं. किंचित धुरकट होतं, आतल्या कोपऱ्यांत राहिलेलं पाणी धुऊन आलेलं. तिसरा डबा थोडं अंतर चालवल्यानंतरसाठी होता. फोरमन स्टूलवर बसले, त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते. सासूबाईंनी साबण आणि गरम पाण्याची बादली आणून त्यांच्यासमोर ठेवली आणि वर्तमानपत्राबाहेर पडलेला डाग स्वतःच पुसायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुईताई निघाली. गल्लीतच तिने दोन्ही ब्रेक पाहिले. सुरुवातीला लागेनात, मग हलकेच दाबत थोडं अंतर गेल्यावर पुढचा नीट लागायला लागला. मागचा कुरकुरत होता. फेरी वेळेवर झाली. दुपारी आल्यावर तिसऱ्यांदा तेल बदललं, आणि या वेळी नळीत फक्त तेल होतं, एकाच रंगाचं, वरपासून खालपर्यंत.

सगळंच काही सुटलं नाही. पुढच्या आठवड्यात पाऊस थांबला, एक दिवस सुट्टी आली, गाडी दोन रात्री उभी राहिली आणि सकाळी मागचं चाक फिरेचना. न उघडलेला ब्रेक आत गंजून चिकटला होता. मेकॅनिकने लांब दांड्याचा पाना लावून नट काढला, आतल्या पट्ट्या बदलल्या, बेअरिंग पाहिलं आणि बाकीचं कोणी केलं म्हणून विचारलं. ती म्हणाली, घरीच केलं. त्याने तेलाची काडी काढून पाहिली आणि परत घातली. पुढच्या गाडीकडे वळता वळता त्याने एवढंच सांगितलं की मागचा नट घरी निघत नसेल तर तेवढ्यासाठी गाडी त्याच दिवशी आणायची होती. घरी हे सांगितल्यावर फोरमन म्हणाले, बरोबर आहे त्याचं, मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला पाठवून पान्यावर चढवायचा लांब पाइप आणवला आणि तो पेटीत मावेना म्हणून पेटीच पलंगाखालून काढून दाराजवळ ठेवायला लावली. आता सासूबाईंची केरसुणी पाइपला आपटते.

पेट्रोलचा काटा मात्र त्या दिवसापासून रिकाम्यावर जाऊन बसला तो बसलाच. टाकीतल्या तारेचा जोड गंजला असणार, त्यासाठी टाकी खोलावी लागेल, आणि तेवढी सवड मिळालेली नाही. फोरमननी तिला शिकवलं की सकाळी निघताना टाकीचं झाकण उघडायचं, गाडी दोन्ही हातांनी धरून एकदा डावी-उजवी हलवायची आणि कान द्यायचा. पेट्रोल भरपूर असलं की जडसा डुचमळ आवाज येतो, कमी असलं की पातळ सळसळ. सुरुवातीला तिला दोन्ही सारखेच वाटायचे. ते घरात बसून, उघड्या दारातून, तिला सांगायचे. आता तिचं तिला कळतं, तरी ती गाडी दारासमोरच हलवते.

"अर्धी आहे," आतून आवाज येतो.

"हो, अर्धी," ती म्हणते, आणि झाकण लावते.